अमेरिकेत पोचल्यावर रात्री एकला कडकडून भूक आणि सकाळी अन्नावर वासना नाही: जेवण-पाण्याची घडी कशी बसवायची

दर उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे मुलांकडे कॅलिफोर्नियाला जातात आणि पहिल्या आठवड्यात फोनवर त्याच तक्रारी येतात. रात्री एक-दीडला पोटात कावळे ओरडतात, मग उठून पोळी-भाजी गरम करून खाल्ली जाते. सकाळी नाश्ता समोर ठेवला तर मळमळतं. रात्रीत तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, तोंडाला कोरड असते, पाय सुजलेले असतात आणि दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. मुलं म्हणतात, "जेट लॅग आहे, जाईल." आठवडा-दहा दिवसांनी तो जातोही. पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी आहारतज्ज्ञ आहे आणि यातला निम्मा त्रास टाळता येण्यासारखा आहे असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी नेमकं काय बिघडतं ते आधी बघू.

पुणे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेत उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेतेरा. कागद घेऊन घरची वेळ तिकडच्या वेळेत मांडून बघा, बरीच कोडी तिथेच सुटतात. पुण्यातलं दुपारी एकचं जेवण म्हणजे तिथले रात्रीचे साडेबारा. चारचा चहा म्हणजे पहाटेचे साडेतीन. रात्री साडेआठचं जेवण म्हणजे सकाळचे आठ. आणि पुण्यात आपण गाढ झोपेत असतो ते पहाटेचे तीन-चार म्हणजे तिथली दुपार. त्यामुळे रात्री एकला लागलेली भूक खरीच असते. ती दुपारच्या जेवणाची भूक आहे, फक्त चुकीच्या देशात लागलेली. दुपारी दोनला लेकीने प्रेमाने वाढलेलं ताट जड जातं, कारण पोटाच्या हिशेबाने तेव्हा अडीच वाजलेले असतात, रात्रीचे.

शरीरात एकच घड्याळ नसतं. मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर चालतं. यकृत, आतडी, स्वादुपिंड, चरबी यांची आपापली घड्याळं असतात आणि ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात 2017 साली याचा एक छान प्रयोग झाला. दहा निरोगी तरुणांची तिन्ही जेवणं पाच-पाच तास उशिरा दिली. काही दिवसांत त्यांच्या रक्तातल्या साखरेची रोजची लय साधारण तेवढीच पुढे सरकली, पण झोपेशी जोडलेल्या मेलाटोनिनची लय जागची हलली नाही. यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी कळतात. जेवणाची वेळ बदलली की पोट वळतं. पण नुसतं जेवण बदलून झोप वळत नाही, तिला दिवसाचा उजेड लागतो. रात्री एकला पोळी-भाजी खाल्ली की पोटाला "दुपारच आहे, चालू द्या" असा निरोप जातो आणि तेवढ्यापुरतं पोट पुण्यातच राहतं. त्रास लांबतो तो बहुतेक वेळा इथेच.

विमानात काय खायचं आणि काय सोडायचं

माझ्या मावशीचा प्रवास उदाहरणाला घेते. वय सदुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह नाही. कोथरूडहून निघून मुंबई, फ्रँकफर्ट आणि मग सॅन फ्रान्सिस्को, पुढे गाडीने लेकीकडे फ्रीमाँटला. मुंबईहून विमान रात्री एकला. नऊ तासांनी फ्रँकफर्ट, तिथे सकाळचे साडेसहा. दहाला पुढचं विमान आणि साडेअकरा तासांनी, तिथल्या दुपारी साडेबाराला, सॅन फ्रान्सिस्को.

ट्रेच्या मागे मागे जेवलं तर काय होतं बघा. मुंबईच्या वाटेवर साडेआठला जेवण झालेलं असतं, मुंबईत उड्डाणानंतर रात्री अडीचला पुन्हा पूर्ण जेवण येतं. ते खाऊन झोपायचं, उठलं की नाश्ता, फ्रँकफर्टला सोबत आणलेले ठेपले, पुढच्या विमानात पुन्हा जेवण, मध्ये सँडविच, उतरण्याआधी आणखी एक ट्रे आणि घरी पोचल्यावर पुरणपोळी. चोवीस तासांत सहा-सात वेळा खाणं होतं आणि त्यातलं एकही कुठल्याच घड्याळाला धरून नसतं.

मावशीला मी वेगळं बसवून दिलं. वाटेत साडेआठला डब्यातलं नेहमीचं जेवण, थोडं हलकं. अडीचचा ट्रे पूर्ण सोडायचा, डोळ्यांवर पट्टी लावून झोपायचं. एअर होस्टेसला बसल्या बसल्याच सांगून ठेवायचं की जेवणाला उठवू नका. उतरण्याआधीचा नाश्ता घ्यायचा. तेव्हा भारतात सकाळचे साडेआठ असतात आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे आठ, म्हणजे तो दोन्हीकडे बसतो. हेच तिचं कॅलिफोर्नियातलं पहिलं "रात्रीचं जेवण". दुसऱ्या विमानात निघाल्यावर तास-दीड तासाने येणारं मोठं जेवण कॅलिफोर्नियाच्या पहाटे अडीचला पडतं. त्यातलं फक्त दही आणि फळ. मग झोप लागली तर झोप, नाही तर पडून राहणं. उतरण्याआधी दोन तासांवर जे येतं ते मात्र पोटभर खायचं. तिथे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे तो नाश्ता. नव्या दिवसाची सुरुवात विमानातच होते.

मधल्या वेळात दही-फळ तरी का, असं तिने विचारलं. सोळा तास कडक उपास केला की जेट लॅग लागत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्या कल्पनेला 2008 साली उंदरांवर झालेल्या एका संशोधनाने बळ मिळालं. माणसांवर त्याचा भक्कम पुरावा नाही. सदुसष्ट वर्षांच्या बाईने गोळ्या घेऊन चौदा-पंधरा तास रिकाम्या पोटी बसावं आणि ट्रान्झिटमध्ये चक्कर येऊन पडावं, हे मला मान्य नाही. थोडं खा, पण ताटभर नको, एवढाच त्यातला मध्यम मार्ग.

विमानात पोट फुगतं त्याचं कारण वेगळं आहे. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा असतो. दाब कमी झाला की आतड्यातला वायू पसरतो, साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी. म्हणून निघायच्या दिवशी राजमा, छोले, मटकीची उसळ आणि विमानात सोडा किंवा कोल्ड्रिंक नको. भात, मऊ पोळी, दही, केळं हे चालतं.

पाणी: किती, कधी आणि कळणार कसं

इथे दोन टोकाची माणसं भेटतात. एक टॉयलेटला उठायला नको म्हणून वीस तास जवळजवळ पाणीच पीत नाहीत. आपल्या आयांमध्ये हे फार आहे, खिडकीची सीट मिळाली आणि शेजारी कुणी अनोळखी झोपलेला असला की संपलंच. दुसरी माणसं "विमानात डिहायड्रेशन होतं" हे वाचून लिटर-लिटर पाणी रिचवतात. दोन्हींनी त्रास होतो.

केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता दहा-वीस टक्क्यांच्या आसपास. ओठ, नाक, घसा, डोळे कोरडे पडतात ते त्या हवेने. पण घसा कोरडा पडला म्हणजे शरीरातलं पाणी संपलं असं नाही. श्वासावाटे आणि त्वचेतून थोडं पाणी जास्त जातं, ते भरून काढायला जागं असताना तासाला एक छोटा पेला, म्हणजे दीड-दोनशे मिली, पुरतो. झोप लागली असेल तर पाण्यासाठी उठवू नका, उठल्यावर एक पेला जास्त द्या. सीट आधीच मधल्या वाटेच्या कडेची घ्या. बहुतेक विमानतळांवर शंभर मिलीवरचं पाणी सिक्युरिटीतून जात नाही, म्हणून बाटली रिकामी न्या आणि आत गेल्यावर भरा. ट्रान्झिटमध्येही तेच.

खूण बघायची ती लघवीच्या रंगाची. फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर पाणी पुरेसं आहे. कोऱ्या चहाकडे झुकला तर कमी पडतंय. मात्र बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंग भडक पिवळाच येतो, तेव्हा ही खूण धरू नका. उलट रंग पाण्यासारखा स्वच्छ आहे, तरी डोकं दुखतंय, मळमळतंय, बोलण्यात गोंधळ होतोय, आणि त्यातून ती व्यक्ती वयस्क असून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते, तर आणखी पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम उतरल्याची ही लक्षणं असू शकतात आणि वरवर ती जेट लॅगसारखीच दिसतात. अशा वेळी सरळ डॉक्टरकडे न्यायचं. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, त्यांनी माझा पेल्यांचा हिशेब बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांचा धरायचा.

ओआरएस प्रत्येकाने प्यायची गरज नाही. जुलाब, उलट्या झाल्या तरच ती उपयोगी. चहा-कॉफीने अंगातलं पाणी संपतं हेही नेहमीच्या एक-दोन कपांबाबत खरं नाही. चहाचा प्रश्न झोपेचा आहे, त्याकडे येतेच. दारू मात्र लघवीही वाढवते आणि झोपही मोडते.

पायांची सूज प्रामुख्याने बसून राहिल्याने येते, त्यात विमानातल्या अन्नाचं आणि आपल्या चिवड्या-लोणच्याचं मीठ भर घालतं. त्यासाठी पाणी तोडू नका, तासाभराने उठून चाला. दोन्ही पाय सारखे सुजले आणि एक-दोन दिवसांत उतरले तर काळजी नाही. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते किंवा धाप लागते, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. लांबच्या प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो.

पोचल्यानंतरचे पहिले चार दिवस

मावशी दुपारी तीनला घरी पोचली. तिच्या पोटात तेव्हा पहाटेचे साडेतीन होते. लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या दिवशी वाटीभर मऊ वरण-भात, त्यावर तूप, बस. सणाचा स्वयंपाक चौथ्या दिवशी. मग अंगणात उजेडात बसणं, संध्याकाळी सातला पुन्हा थोडंसं, मुगाची खिचडी. नऊला झोप.

रात्री एकला ती ठरल्याप्रमाणे जागी झाली, पोटात आग. अशा वेळी काय करायचं ते तिला लिहूनच दिलं होतं, कारण मध्यरात्री कुणाला विचारत बसवत नाही. स्वयंपाकघराचा मोठा दिवा लावायचा नाही. दोन घोट पाणी पिऊन पंधरा मिनिटं पडून राहायचं. भूक टळली नाही तर आधी काढून ठेवलेलं अर्धं केळं किंवा अर्धा कप कोमट दूध. पोळी-भाजी नाही, भात नाही, साडेतीनला चहाची तलफ आली तरी चहा नाही. हे खाणं भूक शमवण्यापुरतं असावं, जेवण होऊ नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी साडेसातला नाश्ता. भूक असो वा नसो. पोटाच्या हिशेबाने तेव्हा रात्रीचे आठ असतात, तेव्हा थोडं जातंच. एक वाटी उपमा किंवा एक भाकरी आणि दही, खिडकीजवळ बसून. चहा तेव्हा प्या, दुपारी बाराला आणखी एक. त्यानंतर नाही, कारण चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही रक्तात असतो. साडेबाराला जेवण आणि त्याआधी तासभर बाहेर चालणं. मला निवड करायला लावली तर बाकी सगळं सोडून देईन, पण ही सकाळची वेळ सोडणार नाही. लोक उलट करतात: रात्री जागरण झालं म्हणून अकरापर्यंत झोपू देतात, नाश्ता बुडतो, पहिलं खाणं एकला होतं आणि रात्रीची भूक दुसऱ्या दिवशीही तशीच येते. मावशीला तिसऱ्या रात्री केळं लागलं नाही. झोप मात्र पहाटे चारला मोडायची ती आणखी आठवडाभर मोडली. पोट आधी वळतं, झोप मागून.

मावशीला रात्री चारदा लघवीला उठावं लागत होतं. तिला वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून तिने दिवसाही पाणी कमी केलं आणि बद्धकोष्ठ वाढलं. खरं कारण असं की मूत्रपिंडालाही रात्र-दिवस कळतो. रात्री ते लघवी कमी तयार करतं, पण तिचं मूत्रपिंड अजून पुण्याच्या दुपारी काम करत होतं. त्यात दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्राशयात उतरतं. उपाय दोन: दिवसाचं बहुतेक पाणी दुपारी चारपर्यंत पिऊन टाकायचं, पुढे फक्त गरजेपुरतं, आणि पाच वाजता तासभर पाय उशीवर घेऊन पडायचं, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच उतरतं. पण पडायचं, झोपायचं नाही.

आणि मग लक्षात आलं की रक्तदाबाची गोळी ती भारताच्या वेळेने घेत होती, मोबाइलवर पुण्याचा अलार्म तसाच होता. सकाळी आठची लघवी वाढवणारी गोळी तिकडे संध्याकाळी साडेसातला पडत होती. रात्र कशी जाणार? डॉक्टरांना फोन करून ती सकाळवर आणली. साडेबारा तासांच्या फरकात गोळी बारा तास आधी घ्यायची की उशिरा, हे गोळीगणिक बदलतं. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडून लिहून आणा, आणि गोळ्या हँडबॅगेत.

पोट साफ होण्याचंही तसंच. मोठं आतडं रात्री शांत असतं आणि उठल्यावर, खाल्ल्यावर हलतं. सकाळी त्याला अजून रात्र वाटत असते, म्हणून उठल्या उठल्या पेलाभर कोमट पाणी, नाश्ता आणि लगेच दहा मिनिटं संडासात निवांत बसणं, घाई न करता, रोज त्याच वेळी. इसबगोल घ्यायचा तर एक चमचा पूर्ण पेलाभर पाण्यात आणि दिवसा. कमी पाण्यात घेतला तर कोंडतं. पोट दुखून फुगलं, उलट्या झाल्या किंवा रक्त दिसलं तर घरगुती उपाय थांबवा.

मधुमेह असेल तर

वरचं "ट्रे सोडा" हे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांना जसंच्या तसं लागू नाही. गोळी पोटात गेली आणि जेवण सोडलं तर साखर उतरते. त्यांनी कुठल्या जेवणाला किती डोस, हे विमानाच्या वेळांसकट डॉक्टरांकडून कागदावर घ्यावं. आणि रात्री एकला जाग आल्यावर घाम, थरथर, धडधड असेल तर ती दुपारच्या जेवणाची भूक समजू नका. ग्लुकोमीटरने साखर बघा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली की थोडं खायला द्या. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तरी साखर द्याच. बेशुद्ध पडत असेल तर तोंडात काही घालू नका, 911 ला फोन करा.

दुसरीकडे जात असाल तर

लंडनला उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचाच. तिथे संध्याकाळी चारला रात्रीच्या जेवणाची भूक लागते आणि पहाटे तीनला जाग येते. चारला मूठभर दाणे किंवा फळ खाऊन जेवण सातपर्यंत ढकललं की तीन-चार दिवसांत बसतं. दोन-तीन दिवसांच्या कामासाठी अमेरिकेला जाणाऱ्यांनी घड्याळ वळवायच्या फंदात पडू नये. मीटिंगच्या वेळी भूक आणि झोप आवरेल एवढंच बघावं, मुख्य जेवण त्यातल्या त्यात भारतातल्या जेवणाच्या वेळेजवळ ठेवावं, म्हणजे तिथे सकाळी आठला भरपेट आणि दुपारी हलकं.

परतीच्या प्रवासात फरक तेवढाच, त्यामुळे पुण्यातही पहिल्या रात्री एकच्या सुमाराला भूक लागणार. तेव्हा अर्धं केळं उशाशी ठेवा, आणि सकाळी भेटायला येणाऱ्यांना नाश्त्यालाच बोलवा, रात्रीच्या जेवणाला नको.